‘पत्र लिहिण्यास कारण की’ : एका कथेच्या कामाच्या नोंदी

३ जुलै २०२५

कथा आज हातात घेतली. लालबागमधली चाळ, दुसऱ्या मजल्यावर टोकाची खोली. गिरणीच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले कारकून अण्णा. ज्यांना लिहिता येत नाही अशा शेजाऱ्यांची पत्रं ते लिहून देतात, पण कथेत येणार ती फक्त दुखवट्याची. इतर पत्रं, मनिऑर्डरचे फॉर्म, फंडाचे अर्ज हे सगळं मागच्या अंगाला राहू दे.

साल १९८१ ठेवलं आहे, महिना ऑगस्ट. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर चाळीतली निम्मी माणसं गावाला गेली. संप कथेत आला की तो सगळी जागा व्यापणार. मला त्याच्या अलीकडचं शेवटचं साधं वर्ष हवं आहे. खोल्या भरलेल्या, पाळ्या चालू, भोंगा वाजतोय, आणि तीन पाळ्यांमधली माणसं एकाच वळकटीवर आळीपाळीने झोपतायत.

अण्णा पैसे घेत नाहीत. जीपीओसमोर बसणारे पत्रलेखक पैसे घ्यायचे आणि तो त्यांचा धंदा होता, त्यात काही कमीपणा नाही. पण त्यांच्याकडे गेलेला माणूस मन मोकळं करून परत गर्दीत मिसळायचा. अण्णांकडे सांगितलेलं दुःख मात्र दुसऱ्या दिवशी नळावर समोरासमोर भेटतं. हा फरक कथेत जाणवला पाहिजे.

६ जुलै

दोन दिवस नमुने शोधण्यात गेले. आईच्या माहेरी पत्रांची तार अजून आहे. खाली लाकडी चकती, वर आकडा, आणि मध्ये टोचलेली चाळीसेक वर्षांची कार्डं आणि अंतर्देशीय. सगळी खाली उतरवून वाचली. लग्नं, बाळंतपणं, भाताचा भाव, म्हैस व्याल्याची बातमी. मरणाचं पत्र एकही नाही.

मामीला विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “अगं, ते पत्र घरात ठेवतात का कधी?” कोपरा फाडलेलं कार्ड आलं की पोस्टमनच्या हातात असतानाच कळायचं. ते उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं आणि आंघोळ करूनच घरात यायचं. त्यावर ‘श्री’ नसायचा. लग्नाच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू, आणि याचा कोपराच नाही.

इथे माझी चूक लक्षात आली. पहिल्या टिपणात मी दोन वेगळी पत्रं एक करून टाकली होती. मरणाची बातमी देणारं पत्र वेगळं आणि ती कळल्यावर धीर द्यायला लिहिलेलं वेगळं. पहिल्यात वार, तारीख, तिथी आणि वेळ नेमकी लागते. दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेल्या दिवसांचं सुतक धरायचं असतं, आणि पुढे दरवर्षीचं श्राद्ध तिथीवर चालतं. तिथे कारकुनाची अचूकता कामाला येते, आणि अण्णांनी अशी शेकडो पत्रं लिहिली असणार. दुसऱ्यात मात्र त्या अचूकतेचा काही उपयोग नाही. बातमी आधीच पोचलेली असते. मग लिहायचं काय?

कथा या दुसऱ्या पत्राची आहे. सगळी सुरुवात पुसली.

९ जुलै

अण्णांच्या हातातली हत्यारं कोणती ते आज कागदावर मांडलं. तीर्थरूप, तीर्थस्वरूप, चिरंजीव, सौभाग्यवती, रा. रा., कृ. सा. न. वि. वि. मग ‘पत्र लिहिण्यास कारण की’. मग ‘इकडील सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवणे’. शेवटी ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, लोभ असावा’. या चौकटीत मधल्या चार ओळी बदलल्या की कुठलंही पत्र तयार होतं. मस्टरवर नाव चढवण्याइतकं ते त्यांच्या हातात बसलेलं आहे.

दुखवट्याच्या पत्रात ही चौकट मोडते. ‘इकडील सर्व क्षेम’ लिहिता येत नाही. ‘खुशाली कळवणे’ तर लिहूच नये. म्हणजे ज्याच्या जोरावर त्यांनी आयुष्य काढलं ते निम्मं गळून पडतं, आणि त्या जागी ते गिरणीच्या फलकावरची भाषा आणतात: दुःखद निधन, हृदयविदारक वार्ता, ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो. कथेतलं पहिलं पत्र मी याच भाषेत लिहिलं.

संध्याकाळी भाची आली होती. चौथीत आहे. तिला ते मोठ्याने वाचायला दिलं. ‘हृदयविदारक’पाशी ती थांबली, ‘हृद’, ‘हृदय’, मग माझ्याकडे बघितलं. ‘मृतात्म्यास’ला दोनदा अडखळली आणि तिसऱ्यांदा ‘मुतात्म्यास’ असं वाचून स्वतःच हसली. मला हसू आलं नाही. १९८१ मध्ये कोकणातल्या एखाद्या अंगणात हेच घडलं असतं. जिच्या नावाने पत्र आलं तिला वाचता येत नाही, म्हणून शेजारचा शाळकरी पोरगा वाचतोय आणि बायका भोवती बसल्यात. नवरा गेलेली बाई त्या पोराच्या तोंडाकडे बघते आहे, आणि तो जोडाक्षरावर अडून हसतो आहे.

या गोष्टीचं मर्म मला इथे सापडलं. पत्र सांगणारीला लिहिता येत नाही आणि ते जिला जायचं तिला वाचता येत नाही. मधे दोन परके आहेत, लिहिणारा म्हातारा आणि वाचणारा पोर. अण्णांनी त्या बाईसाठी लिहिण्याआधी त्या पोरासाठी लिहायला हवं. वाक्य एका श्वासाचं हवं, आणि शब्द त्याच्या तोंडात बसणारा हवा.

१३ जुलै

पत्र सांगणारी मिळाली. पारूबाई, खानावळवाली, मूळची सातारकडची. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना अशा बायकांनीच जेवू घातलं. एक खोली, दोन चुली, आणि पाळीप्रमाणे पंगती. तिच्याकडे अकरा वर्षं जेवणारा भिकाजी काविळीने गेला. कुडाळ तालुक्यातला. आषाढातला पाऊस, त्यामुळे गावाला न्यायचा प्रश्नच नव्हता. इथेच सगळं झालं. बायकोला तार गेली आणि मागाहून पुतण्या अस्थी घेऊन गेला. सुभद्राने नवऱ्याचं शेवटचं काहीच पाहिलेलं नाही.

पारूबाई अण्णांच्या दारात बसते. अण्णा विचारतात, काय लिहू? ती म्हणते, “लिवा की चार शब्द. तुमास्नी म्हायती.” आणि अण्णांना खरंच काही माहिती नाही. मी हा प्रसंग तीनदा लिहिला. दोनदा अण्णा शहाण्यासारखं बोलले आणि ते खोटं वाटलं. तिसऱ्यांदा त्यांना जे येतं तेच करू दिलं. ते टाइम ऑफिसचे कारकून आहेत, म्हणून हजेरी घ्यायला लागतात. शेवटचा कधी जेवला? कुठली पाळी होती? काय वाढलं होतं? किती भाकरी? पारूबाई आधी चिडते, मग सांगायला लागते, आणि सांगता सांगता थांबेनाशी होते.

तिच्या तोंडून आलेल्या गोष्टी: तो भाताशिवाय उठायचा नाही. ती कालवण करायची, त्याला ती कोरड्यास म्हणे, तो निस्त्याक म्हणे. पहिलं वर्षभर दोघं एकमेकांच्या शब्दाला हसले. नंतर तीही त्याच्यासाठी निस्त्याकच म्हणायला लागली. रात्रपाळीहून आला की दारातूनच, “पारूबाय, निस्त्याक काय हा?”

इस्पितळात ती ताकभाताचा डबा घेऊन गेली. डॉक्टरने तेलकट, मासे, सगळं बंद केलेलं. त्याने झाकण उघडलं, आत बघितलं आणि हळूच विचारलं, “निस्त्याक काय हा?” ती म्हणाली, “बरा हो, मग करत्ये.” दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत आला.

१७ जुलै

मोठी अडचण. भिकाजीचे दोन महिन्यांचे जेवणाचे पैसे राहिलेत. पारूबाईला पत्रात मुख्य तेच घालायचं आहे: “पैशाची काळजी करू नगा म्हनावं, म्या सोडलं.” तिच्या मनात दुसरं काही नाही. पुतण्या खोलीतलं सामान न्यायला आला तेव्हा त्याने हिशेब विचारला होता आणि ती तेव्हा रडत होती म्हणून बोलली नाही. ते पैसे सुभद्राच्या डोक्यावर राहतील हीच तिची भीती.

पण हे वाक्य अंगणात मोठ्याने वाचलं जाणार. पोर वाचेल, ‘दोन महिन्यांचे पैसे मी सोडले’, आणि संध्याकाळपर्यंत वाडीभर होईल की भिकाजी मुंबईत उधारीवर जेवत होता. दया म्हणून पाठवलेलं वाक्य तिथे पोचेपर्यंत मेलेल्या माणसाची बेअब्रू होईल.

अण्णांच्या जागी बसून मी चार पर्याय लिहिले. वाक्य गाळलं तर सांगणारीचा विश्वास मोडतो. तिला वाचता येत नाही म्हणून गाळायचं, हे तर सगळ्यांत वाईट. पुतण्याला वेगळं पत्र पाठवलं तर सुभद्राला कधी कळेलच असं नाही. ‘खाजगी’ असं लिहिलं तर वाचणारा पोर तेच आधी वाचेल. चौथा पर्याय ठेवला: ‘खानावळीचा हिशेब पुरा झाला. देणं घेणं काही राहिलं नाही.’ वाडीला ऐकू येतं की माणूस चोख होता. सुभद्राला घरखर्चाची ओढाताण माहीत आहे, ती काय समजायचं ते समजेल.

अण्णा हे वाक्य पारूबाईला वाचून दाखवतात आणि विचारतात, खोटं तर होत नाही ना? ती थोडा वेळ गप्प बसते. मग म्हणते, “न्हाई. पुरा झालाच की.”

१८ जुलै

कालचं सगळं परत वाचलं. बरं वाटलं. आज लिहिलं नाही.

२२ जुलै

मायना. चार दिवस इथेच अडकले आहे.

महिन्याभरापूर्वीपर्यंत सुभद्राच्या नावामागे ‘सौ.’ होतं. रीतीप्रमाणे आता ‘गं. भा.’, गंगाभागीरथी. अण्णांचा हात आपोआप तिकडे वळणार. कानाला तो शब्द मानाचा आहे, पण ज्या दिवशी तो पहिल्यांदा नावाला लागतो त्या दिवशी तो मान राहत नाही. मे २०२२ मध्ये हेरवाड ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि पुढच्या वर्षी सरकारी पातळीवर विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ शब्द सुचवला गेला तेव्हा केवढा विरोध झाला. माझ्यासारखीला आज बाजू घेणं सोपं आहे. १९८१ मधल्या अण्णांना आजची मतं देऊन चालणार नाही. त्यांना तो शब्द गाळणं म्हणजे बाईचा मान गाळणं वाटेल.

शेवटी हा निर्णय पारूबाईकडे दिला, कारण ती स्वतः त्यातून गेली आहे. अण्णा पेन टेकवताना सवयीने मोठ्याने म्हणतात, “गंगाभागीरथी सुभद्राबाई…” आणि ती त्यांचा हात धरते. तिला वाचता येत नाही. पण तिचा नवरा गेल्यावर भावाचं पत्र आलं होतं आणि वाचणाऱ्याने पहिलाच शब्द तोच वाचला होता. तोवर ती रडली नव्हती. “फुडचं पत्र काय होतं ते आजबी म्हायती न्हाई मला. तेवढंच ऐकलं. नुसतं नाव लिवा.”

अण्णांना ते पटत नाही. ते लिहितात मात्र तसंच. हे दोन्ही कथेत राहू दे.

२७ जुलै

बारीकसारीक. कार्ड पंधरा पैशांत झालं असतं, पण कार्ड पोस्टापासून वाडीपर्यंत वाटेतला प्रत्येक जण वाचतो. म्हणून निळं अंतर्देशीय. त्यात बाकी काही घालता येत नाही, नाहीतर पारूबाईने नोट घातलीच असती. मनिऑर्डर करते म्हणाली तर अण्णा अडवतील: दुखवट्याच्या पत्रामागून पैसे आले की ते हिशेबाचे दिसतात आणि ‘हिशेब पुरा झाला’ हे वाक्य खोटं पडतं. सणाला पाठवा, असं ते सांगतील.

पत्त्यात अण्णा सवयीने ‘जि. रत्नागिरी’ लिहितात. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, म्हणजे पत्राच्या वेळी जेमतेम तीन महिने. ते खोडतात आणि वर नवं नाव लिहितात. खाडाखोड झालेलं पत्र त्यांनी कधी पाठवलेलं नाही. हे पाठवतात, कारण नवीन अंतर्देशीय आणायला गेलं तर पारूबाईची पंगतीची वेळ चुकेल.

भिकाजीला ‘तो’ की ‘ते’? पारूबाई त्याला अरेतुरे करायची. पण सुभद्रेला लिहिताना नवऱ्याला एकेरी कसं म्हणायचं? ‘भिकाजीभाऊ’ ठरवलं, आणि क्रियापदं आदराची.

३१ जुलै

पत्र पूर्ण झालं. भाचीला पुन्हा वाचायला दिलं. कुठेही थांबली नाही. कथेत ते असंच्या असं जाईल:

लालबाग, मुंबई
ता. १२ ऑगस्ट १९८१

सुभद्राबाई यांस पारूबाईचा नमस्कार.

मी खानावळवाली पारूबाई. भिकाजीभाऊ अकरा वर्षं माझ्याकडे जेवले. तार तुम्हाला पोचली. तारेत सगळं मावत नाही, म्हणून हे पत्र.

आषाढात त्यांचे डोळे पिवळे झाले. मी म्हटलं कामावर जाऊ नका. दोन दिवस गेले, मग निजले. आम्ही त्यांना इस्पितळात नेलं. खोलीतली माणसं पाळी करून उशाशी बसली. ते एकटे नव्हते.

मी रोज डबा नेत होते. ताक आणि मऊ भात. शेवटच्या दिवशी त्यांनी डबा उघडला आणि विचारलं, निस्त्याक काय हा? मी म्हटलं, बरे व्हा, मग करते. डॉक्टरने मासे नको सांगितलं होतं म्हणून केलं नाही. ते माझ्या मनात राहिलं आहे. तुम्हाला सांगावं वाटलं.

ते जेवताना तुमच्या हातच्या जेवणाचं बोलायचे. माझ्यात खोबरं कमी पडतं म्हणायचे.

खानावळीचा हिशेब पुरा झाला. देणं घेणं काही राहिलं नाही.

त्यांचं ताट मी दुसऱ्या कोणाला दिलेलं नाही. कोणी मुंबईला आलं तर त्यांच्याबरोबर पाठवते.

मुलांना जपा. तुम्हीही जेवत जा.

पारूबाई

‘निस्त्याक’ हा पत्रातला एकमेव शब्द सुभद्राच्या स्वतःच्या बोलीतला आहे. सातारची बाई सांगते, मुंबईचा कारकून लिहितो आणि पोर तो वाचतो तेव्हा अंगणातल्या सगळ्यांना तो कळतो. अण्णा आधी तिथे ‘कालवण’ लिहितात आणि पारूबाई म्हणते, तसं नव्हते म्हणत ते. मग ते तिला शब्द दोनदा म्हणायला लावून अक्षर अक्षर लिहून घेतात.

‘ते माझ्या मनात राहिलं आहे’ ठेवायचं की नाही याचा खूप विचार केला. वाटलं, धीर द्यायला लिहिलेल्या पत्रात आपली टोचणी कशाला? पण ते काढलं की वरचा प्रसंग नुसता किस्सा होतो. सुभद्रा जवळ असती तर तिलाही तेच वाटलं असतं. तेवढ्या एका वाक्यात दोघी शेजारी बसतात. राहू दे.

३ ऑगस्ट

शेवट. आधी मी सुभद्राच्या अंगणात गेले होते. पोर वाचतोय, ती ऐकतेय, असं दीड पान लिहिलं होतं. काढून टाकलं. अण्णा आणि पारूबाई यांना ते कधी दिसणार नाही, मग मला तरी का दिसावं? कथा अण्णांच्या खोलीतच राहील.

सहीचं ठरलं. मजुरीच्या कागदावर, पतपेढीत पारूबाईचा अंगठा लागतो. अण्णांच्या टेबलावर शाईचं पॅड आहे. ते पुढे सरकवतात. ती हात मागे घेते. “अंगठा नगं. अंगठा कर्जाला लावत्यात.” मग अण्णाच तिचं नाव लिहितात. एरवी ते तळाशी ‘पत्र लिहिणाऱ्याचा नमस्कार’ अशी आपली ओळ घालतात. आज जागा शिल्लक आहे, तरी घालत नाहीत.

ते पत्र वाचून दाखवतात. ती म्हणते, पुन्हा वाचा. तिसऱ्यांदा वाचताना ती ओठ हलवते आहे आणि ‘मऊ भात’पाशी अण्णांच्या आधी पोचते. ते लक्षात आल्यावर अण्णा आवाज कमी करत नेतात. शेवटचे दोन परिच्छेद ती एकटीच म्हणते, कागदाकडे न बघता.

मग ते घड्या घालतात, गोंदाची कड जिभेने ओली करतात आणि तिच्या हातात देतात. खाली भोंगा होतो. ती पत्र पदरात बांधते आणि भात टाकायला उठते.

पहिला मजकूर पूर्ण, अकरा पानं. आता कथेतली पहिली दोन पानं पुन्हा लिहायची आहेत, पारूबाई दारात येण्याआधीची. ती अजून फार लांबलेली आहेत.